गणिताची भीती मोजणारी श्रेणी: सप्रमाणतेच्या कामाच्या नोंदी

२२ जून

आठवीच्या मराठी माध्यमातल्या मुलांना गणिताची भीती किती वाटते, हे मोजणारी श्रेणी तयार करायला घेतली आहे. ती खरंच तेच मोजते का, म्हणजे तिची सप्रमाणता, हेही तपासायचं आहे. शाळेतल्या समुपदेशक ताईंना ती वापरता यावी, एवढाच हेतू. कोणत्या मुलांशी आधी बोलायला हवं, हे त्यांना कळलं पाहिजे. हा हेतू पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते, कारण पुढे निकष कोणता घ्यायचा हे त्यावरूनच ठरणार आहे.

तयार श्रेण्या आहेत. १९७२ सालची मार्स ९८ विधानांची आहे, २००३ सालची एमास फक्त ९ विधानांची. एमासचं भाषांतर करून वापरावं असं आधी वाटलं होतं. पण पुस्तकाच्या मागच्या कोष्टकांचा वापर, न सांगता घेतलेली छोटी चाचणी अशा तिथल्या प्रसंगांपेक्षा आपल्या मुलांचे प्रसंग वेगळे आहेत. इथे फळ्यावर बोलावतात, पाढे म्हणायला उभं करतात, घरी पाहुण्यांसमोर हिशेब विचारतात. म्हणून नवीन श्रेणी.

विधानं लिहिण्याआधी व्याख्या लिहिली: "गणित करताना, किंवा गणित करावं लागणार या विचाराने, मुलाला जाणवणारी अस्वस्थता." त्याखाली काय मोजायचं नाही तेही लिहिलं: गणिताची नावड, गणितातला कच्चेपणा आणि कुठल्याही परीक्षेची सर्वसाधारण धास्ती. ही दुसरी यादी पहिलीइतकीच कामाची आहे. नावड असलेलं मूल निवांत असू शकतं, हुशार मूल थरथरत असू शकतं.

मग तीन बाय तीनचा तक्ता आखला. आडवे रकाने प्रसंगांचे: वर्ग, परीक्षा, घर-बाजार. उभे रकाने भीती कशी दिसते त्याचे: शरीरात, विचारात, टाळाटाळीत. प्रत्येक चौकटीत दोन-तीन, अशी एकूण २४ विधानं. पर्याय चार: अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप. गुण ० ते ३.

विधानं लिहिताना एक अडचण लगेच आली. "मी घाबरतो / घाबरते" असं लिहिलं की प्रत्येक ओळीत तिरपी रेघ येते आणि मूल अडखळतं. म्हणून सगळी विधानं "मला भीती वाटते", "माझे हात थरथरतात" अशा रचनेत बसवली.

१० जुलै

पहिली पायरी आशय सप्रमाणता, म्हणजे कंटेंट व्हॅलिडिटी. जे मोजायचं आहे त्याचा सगळा भाग विधानांमध्ये आला आहे का, आणि बाहेरचं काही घुसलं आहे का, एवढाच प्रश्न.

दहा तज्ज्ञ ठरवले: चार गणित शिक्षक, तीन समुपदेशक, शैक्षणिक मानसशास्त्र शिकवणारे दोघे आणि एक मराठीच्या शिक्षिका. विधानांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि "विधानं योग्य आहेत का ते कळवा" असं लिहिलं. जवळपास सगळ्यांचं उत्तर आलं: छान आहेत, एक-दोन ठिकाणी शुद्धलेखन बघा. हा सगळा फेरा वाया गेला. प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर येणं अवघड होतं. कशाच्या तुलनेत योग्य, ते मी सांगितलंच नव्हतं.

अनेक प्रबंधांत "तज्ज्ञांना दाखवून आशय सप्रमाणता निश्चित केली" असं एक वाक्य असतं. त्या वाक्यामागे बहुतेक असाच फेरा असतो, आणि त्याने काही निश्चित होत नाही.

१९ जुलै

दुसरा फेरा कागदावर, शक्य तिथे समोर बसून. वर व्याख्या आणि "काय मोजायचं नाही" ही यादी. प्रत्येक विधानापुढे दोन कामं दिली. एक, खूण करा: आवश्यक, उपयुक्त पण आवश्यक नाही, अनावश्यक. दोन, हे विधान तक्त्याच्या कोणत्या चौकटीत बसतं ते तुम्हीच लिहा. माझी चौकट त्यांना सांगितली नाही. शेवटी एक मोकळा प्रश्न: काय राहून गेलं आहे?

खुणांचं गणित लॉशे यांच्या १९७५ च्या सूत्राने केलं:

```
CVR = (ne - N/2) / (N/2)
```

इथे CVR म्हणजे आशय सप्रमाणतेचं गुणोत्तर, N म्हणजे एकूण तज्ज्ञ आणि ne म्हणजे "आवश्यक" म्हणणारे. "गणिताच्या तासाला पोटात गोळा येतो" याला दहापैकी नऊ जणांनी आवश्यक म्हटलं, म्हणजे (९ − ५) / ५ = ०.८. "मला गणित आवडत नाही" याला सहा जणांनी, म्हणजे ०.२. दहा तज्ज्ञ असतील तर लॉशे यांच्या कोष्टकात किमान ०.६२ लागतो. आठ जणांनी होकार दिला तर ०.६ येतो, तो अपुरा पडतो. म्हणजे प्रत्यक्षात नऊ होकार लागतात. "०.६२ च्या वर" असं लिहिताना हे लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते. तज्ज्ञांची संख्या बदलली की किमान आकडाही बदलतो. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा उचलू नये.

पाच विधानं गेली. पण आकड्यापेक्षा चौकटींच्या कामातून जास्त कळलं. "गणितात कमी गुण मिळतील असं वाटतं" हे मी परीक्षा-विचार या चौकटीसाठी लिहिलं होतं. चार जणांनी ते कुठेच बसवलं नाही आणि बाजूला लिहिलं, "हा अंदाज आहे, भीती नाही." बरोबर होतं. कच्च्या मुलाने खरा अंदाज सांगितला तरी त्याला भीतीचे गुण मिळणार होते.

मोकळ्या प्रश्नातून तीन गोष्टी आल्या: पाढे म्हणायला उभं करणं, वही तपासायला बाईंच्या टेबलाजवळ जाणं, आणि घरी मोठ्यांनी अचानक हिशेब विचारणं. पाढ्यांचं उदाहरण मी स्वतः पहिल्या नोंदीत लिहिलं होतं आणि त्यावर विधानच केलं नव्हतं. हे कुठलाही निर्देशांक दाखवू शकत नाही, कारण तो फक्त कागदावर असलेल्या विधानांवर चालतो. जे कागदावर नाही त्याचा आकडा निघत नाही. सगळी विधानं ०.८ च्या वर असूनही श्रेणीचा निम्मा विषय सुटलेला असू शकतो.

तीन विधानं वाढवली. आता २२.

३ ऑगस्ट

तज्ज्ञांइतकंच मुलांनाही विचारायला हवं. उत्तरं मुलं देणार आहेत, तेव्हा विधानाचा अर्थ त्यांना काय लागतो हा आशयाचाच भाग आहे. काही मुलांना एकेकट्याने बसवून विधान मोठ्याने वाचायला लावलं, मग विचारलं: "याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग. आणि हे उत्तर का निवडलंस?"

"फळ्यावर बोलावलं की मला कसंतरी होतं." एका मुलाने "खूप" निवडलं आणि म्हणाला, "बाई, मला लय भारी वाटतं, सगळे बघतात ना." त्याचं कसंतरी होणं आनंदाचं होतं. विधान बदलून "फळ्यावर बोलावलं की मला भीती वाटते" असं साधं केलं.

"गणिताची परीक्षा नसती तर बरं झालं असतं" याला वर्गातली सर्वांत हुशार मुलगीही "खूप" म्हणाली. का, तर सुट्टी मिळाली असती. तज्ज्ञांनी हे विधान ०.८ ने पास केलं होतं. ते काढलं.

"गणिताच्या तासाला मला नेहमी दडपण येतं" या विधानात मुलं अडकली. दडपण येतं पण नेहमी नाही, मग "थोडंसं" म्हणजे थोडं दडपण की थोड्या वेळा? सगळ्या विधानांतून नेहमी, कधीकधी, बऱ्याचदा असे शब्द काढले. किती, हे फक्त पर्यायांतून यावं. या मुलाखतींनंतर आणखी एक विधान गळलं. राहिली २०.

२६ ऑगस्ट

पाच शाळांत २८६ मुलांकडून भरून घेतलं. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं जमवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. संमतिपत्र मुलांच्या दप्तरात राहतं, घरी पोहोचत नाही. पालक सभेच्या दिवशी ती दारातच भरून घेतली तेव्हा काम पुढे सरकलं. झेरॉक्सचा खर्च वाचवायला मी पाठपोट छापलं होतं. बरीच मुलं मागचं पान न उलटताच कागद देत होती. पुढच्या शाळांपासून एकाच बाजूला, दोन पानं. खर्च वाढला, पण कोरी उत्तरं जवळपास थांबली.

आता संकल्पना सप्रमाणता, कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी. प्रश्न असा: ज्याला आपण गणिताची भीती म्हणतो आहोत तेच या गुणांमागे आहे, की दुसरंच काही? याचं उत्तर एका आकड्यात येत नाही. आधी अंदाज लिहून ठेवायचे, मग ते खरे ठरतात का बघायचं. क्रोनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये हीच वाट मांडली. माझे अंदाज माहिती उघडण्याआधी वहीत लिहून मार्गदर्शक मॅडमची सही घेतली, नंतर सोयीने बदलायचा मोह होऊ नये म्हणून:

परीक्षेच्या सर्वसाधारण धास्तीशी संबंध मध्यम असावा, फार जवळचा नसावा. गणिताच्या गुणांशी उलटा आणि सौम्य असावा. मराठीच्या गुणांशी त्याहूनही कमी.

आधी विधानं आपसांत कशी जुळतात, म्हणजे त्यांचे किती गट किंवा घटक पडतात, ते पाहिलं. पर्याय चारच असल्याने पॉलिकोरिक सहसंबंध घेतले:

```r
library(psych)
fa.parallel(d, fa = "fa", cor = "poly")
fa(d, nfactors = 3, rotate = "oblimin", cor = "poly")
```

आयगेन मूल्य एकपेक्षा जास्त असेल तेवढे घटक घ्यायचे, या जुन्या नियमाने पाच घटक येत होते. त्यातले दोन तर कशाबद्दल आहेत हे सांगताच येईना. योगायोगी आकड्यांशी तुलना करणाऱ्या समांतर विश्लेषणाने तीन सुचवले. तिसरा घटक पाहिला तर त्यात नेमकी चार उलटी विधानं होती: "गणित सोडवताना मन शांत असतं" या धर्तीची. मुलं डोळे मिटून एकच रकाना भरतील म्हणून ती घातली होती. त्यांचा विषय एक नव्हता, प्रसंग एक नव्हते. साम्य एवढंच की ती उलटी होती. म्हणजे तिसरा घटक भीतीचा नव्हता, वाक्याच्या घडणीचा होता. चारही काढली. राहिली १६. बेफिकीर उत्तरं पकडायला आता "या ओळीत 'बरंच' वर खूण कर" अशी एक गुण नसलेली ओळ ठेवली आहे.

दोन घटक उरले: सगळ्यांसमोर गणित करण्याची भीती आणि परीक्षेतली भीती. माझ्या तक्त्यातल्या नऊ चौकटी घटक म्हणून दिसल्या नाहीत. दिसायलाही नकोत. तक्ता विषय सुटू नये म्हणून असतो. मुलाच्या मनात तेवढे कप्पे असतात असा त्याचा दावा नसतो.

अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा विश्वसनीयतेचा आकडा, ०.९१ आला. त्या दिवशी मला काम जवळपास झालं असं वाटलं.

१२ सप्टेंबर

झालं नव्हतं. त्याच मुलांनी परीक्षेच्या सर्वसाधारण धास्तीची एक छोटी प्रश्नावलीही भरली होती, जिच्यात कुठल्याच विषयाचं नाव नाही. तिचा आणि माझ्या श्रेणीचा सहसंबंध आला ०.७४.

०.७४ म्हणजे चांगला संबंध असं पटकन म्हटलं जातं. इथे तो धोक्याचा आहे. दोन्ही मापनांत थोडी चूक असते आणि त्या चुकीमुळे सहसंबंध प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ती भरपाई करायला दोन्ही अल्फांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. माझा ०.९१, त्या प्रश्नावलीचा ०.८२:

```
0.74 / sqrt(0.91 * 0.82) = 0.86
```

चुकीचा भाग बाजूला केला की दोन मापनं ०.८६ ने जुळतात. ०.८५ च्या वर गेलं की दोन संकल्पना वेगळ्या आहेत असं म्हणायला फारसा आधार राहत नाही, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे तज्ज्ञांनी पास केलेली, मुलांना समजणारी, ०.९१ अल्फा असलेली ही श्रेणी बहुतांशी परीक्षेची धास्तीच मोजत होती. गणिताचं नाव फक्त वाक्यांत होतं.

कारण शोधताना १६ विधानं पुन्हा वाचली. सात परीक्षेबद्दल होती. तज्ज्ञांना प्रत्येक विधान एकेकटं योग्यच वाटलं, आणि एकेकटं ते योग्यच होतं. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी तोल परीक्षेकडे झुकवला. आशय तपासताना मी चौकटी भरल्या का ते पाहिलं, प्रत्येक चौकटीचं वजन किती झालं ते पाहिलं नाही.

२५ सप्टेंबर

कोणतं विधान गणिताचं आणि कोणतं कुठल्याही विषयाचं, हे कळायला एक सोपी युक्ती केली. तीच १६ विधानं "गणित" काढून "मराठी" घालून छापली. दोन वर्गांना दोन्ही पत्रकं आठवड्याच्या अंतराने दिली. अर्ध्यांना आधी गणिताचं, अर्ध्यांना आधी मराठीचं.

"फळ्यावर बोलावलं की मला भीती वाटते" या विधानाची सरासरी गणितासाठी १.७ आणि मराठीसाठी ०.८. इथे विषय बोलतो आहे. "पेपर हातात आला की छातीत धडधडतं" याची १.९ आणि १.८. इथे विषय कोणताही असता तरी हेच आलं असतं.

परीक्षेच्या सातपैकी पाच विधानांत फरक नगण्य होता. ती गेली. जी दोन राहिली त्यांत गणिताचीच गोष्ट होती: वेळ संपत आली असताना आकडेमोड चुकत जाणं, आणि लांबलचक शाब्दिक उदाहरण पाहूनच हातपाय गळणं. हात थरथरण्याची दोन विधानं जवळपास एकच होती, त्यातलं एक काढलं. अशा जुळ्या विधानांनी अल्फा फुगतो आणि माहितीत काही भर पडत नाही. राहिली १०. वहीतपासणी आणि घरचा हिशेब यांवर दोन नवीन लिहिली, तज्ज्ञांकडून आणि मुलांकडून पुन्हा तपासून घेतली. आता १२ विधानं, गुण ० ते ३६.

मॅडमनी इथे थांबवलं: "ज्या मुलांच्या उत्तरांवरून विधानं गाळलीस, त्याच मुलांवर नवी श्रेणी तपासू नकोस." तो मोह झाला होता, कारण माहिती हाताशी होती. पण त्या मुलांच्या योगायोगी चढउतारांनाच मी अंगरखा शिवल्यासारखं झालं असतं. तो त्यांना बसणारच. नवीन शाळा शोधायला हव्यात.

१० ऑक्टोबर

एका नव्या शाळेत सहामाहीच्या तोंडावर परवानगी मिळाली म्हणून घाईने भरून घेतलं. सरासरी आधीच्या शाळांपेक्षा बरीच वर. शाळा वेगळी म्हणून की परीक्षा चार दिवसांवर म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. ते गठ्ठे बाजूला ठेवले. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे आणि निकालानंतरचा आठवडा टाळायचा, असं सूचनापत्रात लिहिलं. त्यानंतर दिवाळीची सुट्टी. काम नोव्हेंबरच्या शेवटीच सुरू होईल.

१४ डिसेंबर

नव्या शाळांतली २४१ मुलं. अल्फा ०.८६, आधीपेक्षा कमी. सर्वसाधारण धास्तीशी सहसंबंध ०.५२. तीच भरपाई केली तर:

```
0.52 / sqrt(0.86 * 0.82) = 0.62
```

संबंध आहे, तो असायलाच हवा, पण आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणता येतं. अल्फा घसरला आणि श्रेणी सुधारली. विश्वसनीयतेचा आकडा वाढवायच्या मागे लागलं असतं तर मी उलट दिशेला गेले असते.

गणिताच्या गुणांशी −०.३१, मराठीच्या गुणांशी −०.१२. पहिला आकडा बाहेरच्या अनुभवाशीही जुळतो. हेम्ब्री यांच्या १९९० च्या एकत्रित विश्लेषणात तो −०.३४ होता, मा यांच्या १९९९ च्या विश्लेषणात −०.२७. माझा आकडा −०.६ आला असता तर मी खूश झाले नसते. तेव्हा श्रेणी भीतीपेक्षा कच्चेपणा मोजते आहे अशी शंका घ्यावी लागली असती.

परीक्षेची दोनच विधानं उरल्याने दुसरा घटक आता वेगळा उभा राहत नाही. एकच एकूण गुण द्यायचा, उपगुण द्यायचे नाहीत. फळ्याची दोन विधानं मात्र एकमेकांना अजून जास्तच चिकटून आहेत. पुढच्या आवृत्तीत त्यातलं एक जाईल.

९ जानेवारी

तिसरा भाग निकष सप्रमाणता, क्रायटेरियन व्हॅलिडिटी. श्रेणीचे गुण बाहेरच्या एखाद्या निकषाशी जुळतात का? सूत्र सोपं आहे, निकष निवडणं अवघड.

गणिताचे गुण हा निकष धरावा असं बरेच जण सुचवतात, कारण ते आयते मिळतात. पण श्रेणीचं काम गुण सांगणं नाही. गुण हवे असतील तर गुणपत्रिका आहेच. गुणांशी असलेला सौम्य उलटा संबंध हा संकल्पनेच्या अंदाजांपैकी एक होता, तो तिथेच ठेवला.

मग गणित शिक्षकांना विचारलं: तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला गणिताची भीती किती, १ ते ५ मध्ये सांगा. शिक्षकांच्या अंदाजाचा माझ्या श्रेणीशी सहसंबंध ०.२८, आणि मुलांच्या गणिताच्या गुणांशी −०.६३. शिक्षक मनापासून सांगत होते, पण त्यांना दिसत होता तो कच्चेपणा. चांगले गुण मिळवणारी, पण आदल्या रात्री झोप न लागणारी मुलगी त्यांच्या यादीत जवळपास नव्हतीच. माझ्या श्रेणीचा निकष म्हणून हा अंदाज धरला असता तर श्रेणी नापास झाली असती, आणि चूक निकषाची असती.

म्हणून पहिल्या नोंदीतल्या हेतूकडे परत गेले. समुपदेशक ताईंनी कोणाशी आधी बोलायचं, हे श्रेणी सांगणार. तर निकष त्यांचीच स्वतंत्र मुलाखत: या मुलाला गणिताच्या भीतीसाठी मदत हवी आहे की नाही. अट एकच, मुलाखतीआधी श्रेणीचे गुण त्यांना कळता कामा नयेत.

३० जानेवारी

एका शाळेत ही अट पाळली गेली नाही. गुणांची यादी ऑफिसच्या टेबलावर राहिली आणि मुलाखती घेणाऱ्यांनी ती पाहिली. त्या शाळेत श्रेणी आणि मुलाखत जवळपास पूर्ण जुळत होती, त्यावरूनच शंका आली आणि चौकशी केली. ज्या निकषाने श्रेणी तपासायची, तो श्रेणीकडे बघून ठरला तर तपासणी उरत नाही. त्या शाळेच्या सगळ्या मुलाखती वगळल्या. मुलांनी आणि ताईंनी दिलेला वेळ वाया गेला, याचं फार वाईट वाटतं. आता गुण एका बंद पाकिटात, क्रमांक घालून, माझ्याच घरी असतात. मुलाखती संपल्यावरच उघडते.

१८ फेब्रुवारी

दुसऱ्या शाळेतले आठवीचे दोन अख्खे वर्ग, ८० मुलं. अख्खे वर्ग घेतले, कारण फक्त जास्त गुणवाल्यांना मुलाखतीला बोलावलं असतं तर कमी गुण असूनही मदत हवी असणारी मुलं कधीच मोजली गेली नसती. ताईंच्या मते २२ मुलांना मदत हवी आहे, ५८ ना नाही.

१८ आणि त्यावर गुण असलेल्यांना वेगळं काढलं तर २९ मुलं येतात. त्यातली १७ ताईंच्या यादीतही आहेत. म्हणजे २२ पैकी १७ सापडली, ७७ टक्के. आणि ५८ पैकी ४६ बरोबर बाजूला राहिली, ७९ टक्के. वेगळ्या काढलेल्या २९ पैकी १७, म्हणजे साधारण ५९ टक्के, खरोखर मदत हवी असणारी.

हा शेवटचा आकडा दुसऱ्या शाळेत नेता येणार नाही. या शाळेनेच गणिताच्या भीतीची तक्रार घेऊन संपर्क केला होता, म्हणून इथे प्रमाण जास्त आहे. समजा एखाद्या शाळेत शंभरात दहाच मुलांना मदत हवी आहे. श्रेणी त्यातली आठ पकडेल, आणि उरलेल्या नव्वदांतली जवळपास एकोणीस चुकून उचलेल. सत्तावीस नावांत खरी आठ. ताईंना सत्तावीस मुलांशी दहा मिनिटं बोलायला जमत असेल तर श्रेणी उपयोगाची आहे. त्या यादीवरून थेट पालकांना चिठ्ठी जाणार असेल तर ती वापरू देणार नाही.

राहून गेलेली पाच मुलंही पाहिली. त्यातल्या तिघांनी सगळ्या विधानांना "अजिबात नाही" लिहिलं होतं. मुलाखतीत कळलं की शेजारी बसलेल्याला उत्तरं दिसतील याची त्यांना धास्ती होती. आता एका बाकावर एकच मूल, आणि नावाऐवजी क्रमांक.

१८ ही रेघ याच ८० मुलांवरून काढली आहे, म्हणून ती त्यांच्यावर जरा जास्तच चांगली दिसते. नव्या वर्षी दुसऱ्या दोन वर्गांवर हीच रेघ, न हलवता, तपासायची.

६ मार्च

वरचं सगळं एकाच वेळचं मोजमाप आहे. पुढचं सांगता येतं का, म्हणजे भाकीत सप्रमाणता, हे अजून राहिलं आहे. त्यासाठी निकष ठरवला: वर्षाच्या शेवटी मुलांसमोर दोन कोड्यांची पत्रकं ठेवायची, एक आकड्यांचं आणि एक शब्दांचं, आणि घरी न्यायला एकच निवडायला सांगायचं. भीतीमुळे टाळाटाळ होते हा पहिल्या तक्त्यातलाच दावा आहे. डिसेंबरात ज्यांचे गुण जास्त होते त्यांनी आकड्यांचं पत्रक कमी उचललं पाहिजे. गणिताचे गुण सारखे असणाऱ्या मुलांतही हा फरक दिसायला हवा, नाहीतर पुन्हा कच्चेपणाच मोजला असं होईल. कोणी काय निवडलं ते शिक्षकांना दिसणार नाही अशी व्यवस्था मुख्याध्यापकांशी बोलून ठरवली आहे. पत्रकं छापायला दिली, वार्षिक परीक्षेनंतरच्या पहिल्या सोमवारी वाटप.

दरम्यान बारा विधानं, सूचनापत्र आणि गुण देण्याची पद्धत मागणाऱ्यांना देते आहे, पण पहिल्याच पानावर तीन ओळी छापल्या आहेत: आठवी, मराठी माध्यम, फक्त समुपदेशनाच्या पहिल्या गप्पांसाठी. पाचवीसाठी किंवा सेमी-इंग्रजीसाठी कोणी वापरणार असेल तर मुलांना बसवून विधानं मोठ्याने वाचून घेण्यापासून सुरुवात करावी लागेल. सेमीची मुलं गणिताच्या तासाला इंग्रजी शब्दांनाही घाबरत असतील, आणि ती भीती या श्रेणीत कुठे जाऊन बसते हे मी तपासलेलं नाही.